केस स्टडीचं उत्तर ४५ मिनिटांत: रफ पानावर भरायची सहा ओळींची चौकट

एमबीए-बीबीएच्या उत्तरपत्रिका तपासताना एक दृश्य हमखास दिसतं. केस स्टडीच्या प्रश्नाखाली मोठा चौकोन, त्याचे चार भाग, आणि प्रत्येक भागात पाच-सहा मुद्दे. बलस्थानांत ‘अनुभवी मालक’, धोक्यांत ‘वाढती स्पर्धा’. दोन पानं भरलेली असतात. मग शेवटच्या चार ओळींत घाईघाईनं ‘कंपनीने मार्केटिंगवर भर द्यावा’ असं काहीतरी येतं आणि उत्तर संपतं. प्रश्न मात्र वेगळाच असतो: मालकाने ही ऑर्डर घ्यावी की नाही? त्याचं उत्तर दोन पानांत कुठेच सापडत नाही.

स्वॉट वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण स्वॉट परिस्थितीची यादी देतो, निर्णयापर्यंत पोचवत नाही. परीक्षेतले बहुतेक केस निर्णयाचे असतात, म्हणून चौकटही निर्णयाभोवती बांधलेली हवी. मी विद्यार्थ्यांना जी देतो ती एका रफ पानावर मावते. उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर डाव्या समासात हे सहा शब्द एकाखाली एक लिहायचे आणि प्रत्येकापुढे चार-पाच ओळींची जागा सोडायची:

१. निर्णय: कोणाला, काय, कधीपर्यंत ठरवायचं आहे
२. मूळ: दिसणारी लक्षणं आणि त्यामागचं कारण
३. आकडे: निर्णयाला लागणारे तीन-चार हिशेब, तेवढेच
४. पर्याय: तीन, त्यांत एक ‘जैसे थे’
५. कसोट्या: पर्याय कशावर तोलायचे
६. शिफारस: काय, कोणत्या अटींवर, पहिल्या ९० दिवसांत काय

वेळेची वाटणी अशी धरा: वाचायला ८ मिनिटं, रफ पानाला १२, लिहायला २२, आणि आकडे पुन्हा तपासायला ३. रफ पानाची १२ मिनिटं फुकट जातात असं पहिल्यांदा वाटतं. पण ती चौकट भरली की लिहिताना थांबून विचार करावा लागत नाही, हात नुसता चालतो.

आता एक केस घेऊ. कंपनी कल्पित आहे, पण असा केस प्रश्नपत्रिकेत सहज येऊ शकतो.

*साताऱ्यात चिवडा-फरसाण बनवणारा एक कौटुंबिक कारखाना आहे. क्षमता महिन्याला ४० टन. स्वतःच्या नावाने विक्री २८ टन, आणि गेली तीन वर्षं ती तिथेच अडकली आहे. दिवाळीआधीच्या दोन महिन्यांत मात्र मागणी ३८ टनांवर जाते. वितरकांना किलोला २०० रुपयांनी माल जातो, व्हेरिएबल कॉस्ट १५० रुपये. फिक्स्ड कॉस्ट महिन्याला ११ लाख. वितरक सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांतच आहेत. बँकेत ८ लाख शिल्लक आहेत, सीसी लिमिटपैकी २० लाख वापरायचे बाकी आहेत, व्याज १२ टक्के.*

*एका सुपरमार्केट साखळीने प्रस्ताव दिला आहे: महिन्याला १५ टन माल, साखळीच्या नावाच्या पाकिटांत, १७० रुपये किलो, ६० दिवसांची उधारी, दोन वर्षांचा करार. या मालाची व्हेरिएबल कॉस्ट १४५ रुपये पडेल. हिशेबनीस म्हणतात, ‘सगळा खर्च धरला तर किलोला १८४ रुपये पडतात. १७० ला विकणं म्हणजे किलोमागे १४ रुपये खिशातून घालणं.’ मालकांच्या मुलीला पुण्यात स्वतःचं दुकान काढायचं आहे: विक्री २५५ रुपये किलो, व्हेरिएबल कॉस्ट १५५, भाडं-पगार मिळून महिन्याला १.६ लाख, शिवाय डिपॉझिट आणि फर्निचरचे १२ लाख. कारखान्याजवळच्या सध्याच्या दुकानात रोज ४० किलो माल खपतो. साखळीला पंधरा दिवसांत उत्तर हवं आहे. तुम्ही काय सुचवाल?*

वाचन उलट्या क्रमाने

आधी प्रश्न वाचा, मग केसचा शेवटचा परिच्छेद, मग पहिल्यापासून सगळं. केस लिहिणारे निर्णय आणि मुदत बहुधा शेवटी ठेवतात. ते आधी कळलं की वाचताना कुठल्या आकड्याखाली रेघ मारायची हे आपोआप ठरतं. आकड्यापुढे त्याचं एककही लिहून ठेवा: महिना की वर्ष, किलो की टन, वितरकाचा भाव की दुकानातला. अर्ध्याअधिक चुका गणितात नसून एककात होतात. फिक्स्ड कॉस्ट महिन्याची आणि विक्री वर्षाची धरली की पुढचं सगळं उत्तर वाहून जातं.

पहिली आणि दुसरी ओळ

‘निर्णय’पुढे एकच वाक्य: मालकांना पंधरा दिवसांत साखळीची ऑर्डर स्वीकारायची, नाकारायची की बदलून मागायची हे ठरवायचं आहे. ‘बदलून मागायची’ हा शब्द इथे मुद्दाम घातला आहे. केसमध्ये ‘घ्यावी की नाही’ असं विचारलं की बहुतेक जण हो किंवा नाही यातलं एक निवडतात. चांगलं उत्तर पुष्कळदा मधल्या जागेत असतं.

‘मूळ’पुढे लक्षण आणि कारण वेगळं करा. विक्री २८ टनांवर अडकली हे लक्षण. वितरण तीन जिल्ह्यांपलीकडे जात नाही हे कारण, आणि १२ टन क्षमता रिकामी बसणं हा परिणाम. कारण नीट पकडलं की नाही हे ओळखायची एक सोपी खूण आहे. तुम्ही लिहिलेलं कारण उद्या दूर झालं तर लक्षण जाईल का, हे स्वतःला विचारा. ‘स्पर्धा वाढली’ हे कारण या प्रश्नात टिकत नाही, कारण केसमध्ये त्याचा पुरावाच नाही.

आकडे

खरे गुण इथे असतात आणि इथेच विद्यार्थी सगळ्यात जास्त घाबरतात. प्रत्यक्षात लागतात तीन-चार हिशेब, तेही पाचवीच्या गणिताचे.

पहिला, आजची स्थिती. किलोमागे कॉन्ट्रिब्यूशन २०० वजा १५०, म्हणजे ५० रुपये. २८ हजार किलोंवर ते १४ लाख होतं. फिक्स्ड कॉस्टचे ११ लाख गेले की महिन्याचा नफा ३ लाख. ब्रेक-इव्हन ११ लाख भागिले ५०, म्हणजे २२ टन. कारखाना तोट्यात नाही, पण त्याच्याकडे फार मोकळीकही नाही.

दुसरा हिशेब हिशेबनीसांच्या १८४ रुपयांचा. हा आकडा केसमध्ये सापळा म्हणून ठेवलेला असतो. ११ लाखांना २८ हजार किलोंनी भागलं की किलोला साधारण ३९ रुपये येतात. ते १४५ मध्ये मिळवले की १८४. पण ऑर्डर घेतली नाही तरी ११ लाख जाणारच आहेत, ऑर्डर घेतल्याने ते एका रुपयानेही वाढत नाहीत. म्हणून या निर्णयापुरती किलोमागची मिळकत १७० वजा १४५, म्हणजे २५ रुपये. उत्तरात हे दोन वाक्यांत लिहाच. परीक्षक नेमकं तेच शोधत असतो. त्याला जोडून मर्यादाही लिहा: हा तर्क क्षमता रिकामी असेपर्यंतच चालतो. कारखाना भरला की किलोमागचे २५ रुपये पुरत नाहीत.

आणि तिसऱ्या हिशेबात नेमकं हेच दिसतं. साखळीला १५ टन हवे आहेत, रिकामी जागा १२ टनांचीच आहे. उरलेले ३ टन स्वतःच्या मालाचे कापावे लागतील. १५ हजार गुणिले २५, म्हणजे ३ लाख ७५ हजार येतील. ३ हजार गुणिले ५०, म्हणजे १ लाख ५० हजार जातील. निव्वळ वाढ २ लाख २५ हजार. आता १२ टनच घेतले तर? १२ हजार गुणिले २५, म्हणजे पूर्ण ३ लाख. कमी माल दिला तर जास्त पैसे मिळतात. हे वाक्य उत्तरपत्रिकेत ठळक दिसलं की परीक्षक पेन खाली ठेवून वाचतो.

दिवाळीचे दोन महिने वेगळे मोजायला हवेत. तेव्हा स्वतःचा माल ३८ टन खपतो, म्हणजे साखळीसाठी २ टनच उरतात. वर्षाचा हिशेब तीन तऱ्हांनी मांडता येतो. १५ टन बाराही महिने दिले तर दहा महिन्यांचे साडेबावीस लाख मिळतात, पण दिवाळीच्या दोन महिन्यांत दर महिन्याला स्वतःचे १३ टन कापावे लागून निव्वळ साडेपाच लाख जातात, आणि वाढ १७ लाखांवर येते. १२ टन बाराही महिने दिले तर ३० लाखांतून ४ जाऊन २६ लाख. आणि एरवी १२ टन देऊन दिवाळीत फक्त २ टन द्यायची सूट मिळवली तर ३१ लाख. हे तीन आकडे एकाखाली एक लिहिले की वाटाघाटीची शिडीच तयार होते: ३१ मागायचे, २६ वर थांबायचं, १७ ला नाही म्हणायचं.

चौथा हिशेब रोख पैशाचा, आणि हा बहुतेक जण विसरतात. १२ टनांची व्हेरिएबल कॉस्ट महिन्याला १७.४ लाख. ६० दिवस पैसे येणार नाहीत, म्हणजे दोन महिन्यांचे ३४.८ लाख आधी खिशातून घालावे लागतील. हाताशी ८ आणि २० मिळून २८ लाख आहेत. कागदावर नफा देणारी ऑर्डर दुसऱ्या महिन्यातच अडकेल. उधारी ४५ दिवसांची केली तर लागणारी रक्कम २६.१ लाख होते आणि ती मावते, जेमतेम. त्यावरचं व्याज १२ टक्क्यांनी महिन्याला २६ हजारांच्या आसपास. ३ लाखांपुढे ते सोसवतं. यात एक गृहीतक आहे: बेसन-तेलाच्या पुरवठादारांकडून उधारी मिळत नाही. केसमध्ये त्याचा उल्लेख नाही, म्हणून उत्तरात ‘गृहीतक’ असा शब्द लिहून ते स्पष्ट सांगा. न सांगितलेलं गृहीतक चूक म्हणून कापलं जातं. सांगितलेल्याला मात्र गुण मिळतात.

पर्याय आणि कसोट्या

पर्याय तीन पुरेत: साखळीची ऑर्डर बदलून घेणं, पुण्यात दुकान, आणि जैसे थे. ‘जैसे थे’ लिहिला नाही तर बाकीच्यांची तुलना कशाशी करायची तेच राहत नाही.

दुकानाचा हिशेब दोन ओळींचा आहे. किलोमागे २५५ वजा १५५, म्हणजे १०० रुपये. १.६ लाख भरून काढायला महिन्याला १,६०० किलो, म्हणजे रोज ५३ किलो खप हवा. जिथे नाव ठाऊक आहे तिथे रोज ४० किलो जातात. तेवढाच खप पुण्यात झाला तर महिन्याला ४० हजारांचा तोटा, शिवाय १२ लाख अडकलेले. पुण्यात गर्दी जास्त आहे, खप वाढेलही, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. पण केसमध्ये त्याला आधार नाही, आणि पंधरा दिवसांत तो मिळणारही नाही.

कसोट्यांबद्दल माझं मत जरा कडक आहे. पुष्कळ जण प्रत्येक कसोटीला वजन देतात, नफ्याला ०.४, जोखमीला ०.३, मग प्रत्येक पर्यायाला पाचपैकी गुण, गुणाकार, बेरीज, आणि ३.७ विरुद्ध ३.४ असा निकाल. हे गुण कुठून आले विचारलं तर उत्तर नसतं. त्यापेक्षा कसोट्या दोन जातींच्या करा. काही अटी असतात: पुरी झाली नाही तर पर्याय बाद. इथे ‘२८ लाखांत मावलं पाहिजे’ ही अट. काही तुलनेच्या असतात: इथे वर्षाची वाढ, आणि स्वतःच्या नावाला धक्का लागतो का. तक्ता एवढाच होतो:

| पर्याय | रोख २८ लाखांत मावते? | वर्षाची वाढ | स्वतःचं नाव |
|---|---|---|---|
| १५ टन, ६० दिवस | नाही | १७ लाख | दिवाळीत माल कमी पडतो |
| १२ टन, ४५ दिवस, दिवाळीत सूट | हो, जेमतेम | ३१ लाख, व्याज वजा | धक्का नाही |
| पुण्यात दुकान | हो | ४० किलो खपावर तोटा | वाढू शकतं |
| जैसे थे | हो | शून्य | तिथेच |

मूळ प्रस्ताव वेगळी ओळ करून तक्त्यात घातलाच पाहिजे. तो का बाद होतो हे तक्त्यातच दिसतं, त्यासाठी वेगळा परिच्छेद खर्चावा लागत नाही.

शिफारस लिहिताना

उत्तराची सुरुवात शिफारशीने करा, विश्लेषण त्यानंतर. तपासणाऱ्यापुढे गठ्ठा असतो. त्याला पहिल्या तीन ओळींत निकाल दिसला की पुढचं तो त्या निकालाचा पुरावा म्हणून वाचतो. नमुना असा:

‘कंपनीने साखळीची ऑर्डर नाकारू नये, पण आहे तशी स्वीकारूही नये. महिन्याला १२ टन, ४५ दिवसांची उधारी आणि दिवाळीआधीच्या दोन महिन्यांत २ टनच देण्याची मुभा, या तीन अटींवर ती घ्यावी. यामुळे नेहमीच्या महिन्याचा नफा व्याजाआधी ३ लाखांवरून ६ लाखांवर जातो. दिवाळीची सूट मिळाली नाही तरी ऑर्डर फायद्याची राहते. ४५ दिवसांची अट मात्र सोडता येणार नाही, कारण ६० दिवसांना कंपनीकडे पुरेशी रोख नाही.’

शेवटची दोन वाक्यं पहा. कुठली अट सोडता येते आणि कुठली नाही हे सांगितलं की शिफारस खरी वाटते.

मग ९० दिवस. ‘पहिल्या महिन्यात नियोजन, दुसऱ्यात अंमलबजावणी’ असं लिहू नका, ते कुठल्याही केसला चालतं. इथलं लिहा: पहिल्या पंधरा दिवसांत मालक साखळीशी तीन अटींवर बोलतील. पहिले दोन महिने १२ ऐवजी ८ टनच द्यायचे, म्हणजे दीड महिन्याची गुंतवणूक १७.४ लाखांत राहते आणि बिलं वेळेवर मिळतात का ते कळतं. तिसऱ्या महिन्यापासून १२. वाढीव नफ्यातून शेजारच्या एका जिल्ह्यात वितरक नेमायचा, कारण मूळ दुखणं वितरणाचं आहे आणि ऑर्डरने ते बरं होत नाही, नुसतं झाकलं जातं.

जोखीम एकच लिहा, पण आकड्यासकट. साखळीची विक्री महिन्याला २०.४ लाख, स्वतःची ५६ लाख, म्हणजे एकूण विक्रीचा २७ टक्के भाग एका गिऱ्हाइकावर टेकतो. उपाय: करार मोडायला तीन महिन्यांची आगाऊ सूचना.

मग बाकीच्या चौकटी कुठे वापरायच्या?

प्रश्नातलं क्रियापद बघा. ‘उद्योग किती आकर्षक आहे ते तपासा’ असं विचारलं असेल तर मायकेल पोर्टर यांची १९७९ मधली पाच शक्तींची चौकट. ‘वाढीचे मार्ग सुचवा’ असेल तर इगोर अॅन्सॉफ यांचा १९५७ चा चार घरांचा तक्ता: जुना माल-जुना बाजार इथपासून नवा माल-नवा बाजार इथपर्यंत. ‘अनेक उत्पादनांत पैसा कसा वाटावा’ असेल तर बीसीजीचा वाढ आणि बाजारहिस्स्याचा तक्ता. ‘मार्केटिंग योजना आखा’ असेल तर चार पी. प्रश्नात ‘स्वॉट करा’ असंच लिहिलं असेल तर स्वॉट करावाच लागतो. तेव्हा प्रत्येक चौकोनात तीनच मुद्दे लिहा, प्रत्येक मुद्द्यामागे केसमधला आकडा किंवा वाक्य, आणि चौकोनाखाली एक ओळ: ‘यावरून निर्णय असा’. आपल्या केसमध्ये ‘१२ टन रिकामी क्षमता’ हा मुद्दा स्वॉटमध्ये चालतो. ‘दर्जेदार उत्पादन’ चालत नाही, दर्जाबद्दल केसमध्ये एक अक्षर नाही.

केसमध्ये आकडेच नसतील, माणसांचा किंवा संघटनेचा प्रश्न असेल, तर तिसऱ्या ओळीवर ‘आकडे’ खोडून ‘पुरावे’ लिहा. कोण काय म्हणालं, कधी काय घडलं, आणि त्यातलं प्रत्यक्ष पाहिलेलं किती, ऐकीव किती. बाकी पाच ओळी तशाच राहतात.

आणि घड्याळात १५ मिनिटंच उरली असतील तर क्रम असा: शिफारशीच्या तीन ओळी, तिला आधार देणारा एक हिशेब पायऱ्यांसह, मग तक्ता. ‘मूळ’ एका वाक्यात. कंपनीचा इतिहास आणि केसचा सारांश पूर्ण वगळा. केस परीक्षकाने वाचलेला असतो.